घरच्या वाय-फायचा पासफ्रेज: लांबी की अवघडपणा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाय-फायचा पासवर्ड म्हणजे माझा मोबाइल नंबर. दहा आकडी आहे. चालेल ना?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असल्यामुळे त्याचं गणित आधी करून टाकू.

भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ या आकड्याने सुरू होतो. पुढचे नऊ आकडे काहीही असू शकतात. म्हणजे एकूण शक्यता झाल्या ४०० कोटी. ऐकायला आकडा दांडगा वाटतो. पण गेम खेळणारी मुलं हौसेनं घेतात ते आरटीएक्स ४०९० नावाचं ग्राफिक कार्ड, वाय-फायचे पासवर्ड ताडून बघण्याच्या कामाला लावलं तर सेकंदाला साधारण २५ लाख पासवर्ड तपासतं. ४०० कोटींना २५ लाखांनी भागा: १,६०० सेकंद. सत्तावीस मिनिटांच्या आत देशातला प्रत्येक शक्य मोबाइल नंबर तपासून होतो, त्यात तुमचाही आला. आणि हे तुमचा नंबर मुळीच माहीत नसलेल्या माणसाचं झालं. शेजाऱ्यांकडे तो असतोच.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०२१ मध्ये सायबरआर्क या कंपनीतले संशोधक इदो हूरविच यांनी तेल अवीव शहरात फिरून ५,००० वाय-फाय नेटवर्कची माहिती हवेतून गोळा केली आणि त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त नेटवर्कचे पासवर्ड शोधून काढले. तिथेही बऱ्याच घरांत मोबाइल नंबरच पासवर्ड होता. त्यांच्याकडचे नंबर ०५ ने सुरू होतात, म्हणजे ताडायचे आकडे उरतात फक्त आठ.

आपल्याकडे ही सवय बहुतेक वेळा घरच्यांची नसतेच. फायबर जोडायला आलेला मुलगा विचारतो, "पासवर्ड काय ठेवू? मोबाइल नंबरच टाकतो, लक्षात राहील." आपण मान डोलावतो.

पण राउटर तर चुकीचे पासवर्ड नाकारतो. २५ लाख वेळा प्रयत्न करू कसा देईल?

राउटरला विचारावंच लागत नाही, सगळी मेख तिथे आहे.

तुमचा फोन वाय-फायला जोडला जातो तेव्हा फोन आणि राउटर यांच्यात चार छोटे निरोप जातात-येतात. याला हँडशेक म्हणतात. पासवर्ड त्यात उघड जात नाही, पण दोघांनाही तो ठाऊक आहे हे सिद्ध करणारी खूण त्यात असते. निरोप हवेतून जातात, त्यामुळे जिन्यात किंवा समोरच्या इमारतीत बसलेला माणूस ते टिपून ठेवू शकतो. तुमचा फोन आधीच जोडलेला असेल, तर एक खोटा संदेश पाठवून त्याला क्षणभर तोडता येतं. तो लगेच पुन्हा जोडला जातो आणि हँडशेक पुन्हा होतो. २०१८ मध्ये तर हॅशकॅट या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यानं दाखवून दिलं की काही राउटरांकडून कुणाचाही फोन जोडलेला नसतानाही तशी खूण मिळवता येते.

एकदा ती खूण हाती आली की तो माणूस घरी जातो. पुढचं सगळं त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालतं. एक पासवर्ड घ्यायचा, त्यावरून खूण तयार करायची, टिपलेल्या खुणेशी जुळते का बघायचं, नाही तर पुढचा घ्यायचा. तुमच्या राउटरला याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे "पाच चुकांनंतर कुलूप" असलं संरक्षण इथे कामाचं नाही. त्याला अडवणारी गोष्ट एकच: तुमच्या पासफ्रेजपर्यंत, म्हणजे वाय-फायच्या पासवर्डापर्यंत, पोचण्याआधी त्याला किती शक्यता तपासाव्या लागतील.

मग बँकेसारखा पासवर्ड ठेवू का? एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण गोंधळ याच ठिकाणी होतो.

वाय-फायचा पासफ्रेज किमान ८ आणि कमाल ६३ अक्षरांचा असतो. समजा, फक्त इंग्रजी लहान अक्षरं वापरून, अगदी यदृच्छेनं, आठ अक्षरांचा पासवर्ड केला. त्या एका ग्राफिक कार्डाला सगळ्या शक्यता तपासायला २३ तास लागतील. वाईट आहे. आता त्याच आठ जागांवर कीबोर्डवरची सगळी ९५ चिन्हं येऊ द्या: कॅपिटल, आकडे, @, #, सगळं. तीच तपासणी ८४ वर्षांवर जाते. अवघडपणाचा फायदा नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

पण दुसरीकडून बघा. चिन्हांच्या वाटेला न जाता लहान अक्षरंच ठेवली आणि आठाची बारा केली, तर लागणारा वेळ १,२०० वर्षांच्या पुढे जातो. म्हणजे कीबोर्डवरची सगळी चिन्हं वापरून जे मिळालं, त्याच्या चौदापट जास्त फक्त चार साधी अक्षरं वाढवून मिळालं. टीव्हीच्या रिमोटनं एक एक अक्षर निवडत पासवर्ड भरताना चार जास्तीची लहान अक्षरं परवडतात. शिफ्ट, चिन्हांचं पान, परत अक्षरांचं पान ही कसरत परवडत नाही.

आणि ही ८४ वर्षं मिळतात ती खरोखर यदृच्छेनं निवडलेल्या चिन्हांना. माणूस अवघड पासवर्ड असा करत नाही. तो करतो `Sai@2019`. नियमाप्रमाणे सगळं आहे: कॅपिटल, लहान अक्षर, चिन्ह, आकडे, आठ अक्षरं. राउटर त्याला हिरव्या पट्टीत "मजबूत" असंही म्हणेल. फोडणारा मात्र अक्षर अक्षर तपासत बसत नाही, तो साचा तपासतो: नाव, मग चिन्ह, मग साल. पाच हजार नावं धरा, पहिलं अक्षर कॅपिटल किंवा लहान, नेहमीची पाच चिन्हं, साठ सालं. एकूण ३० लाख शक्यता. सव्वा सेकंद.

a च्या जागी @ आणि o च्या जागी 0 टाकण्याची युक्तीही या साच्यांमध्ये कधीच जमा झालेली आहे. नुसती आठ आकडी जन्मतारीख असेल तर शंभर वर्षांच्या मिळून साडेछत्तीस हजार तारखा. त्याला वेळ लागतो म्हणणंही अवघड आहे.

म्हणजे नुसता लांब असला की झालं? मग अभंगाची ओळ ठेवतो. तीस-पस्तीस अक्षरं सहज होतात.

अभंग, आरती, गाण्याचा मुखडा, म्हण, घोषणा, शाळेतली प्रार्थना: यातलं काहीही नको. `ganpatibappamorya` सतरा अक्षरांचा आहे, पण तो ताडायला सतरा अक्षरं ताडावी लागत नाहीत. ती यादीतली एक ओळ आहे. लोकांना तोंडपाठ असलेली वाक्यं गोळा करणं सोपं असतं, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या ज्या याद्या इंटरनेटवर फिरतात त्यात देवांची नावं, जयघोष, क्रिकेटपटू हे सगळं असतंच.

लांबी मोजायची ती अक्षरांची नाही, निवडींची. अभंगाची ओळ म्हणजे एक निवड. यदृच्छेनं उचललेले पाच शब्द म्हणजे पाच स्वतंत्र निवडी, आणि प्रत्येक निवडीला शक्यतांचा गुणाकार होतो.

तर मग पाच शब्द उचलायचे कसे?

ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये ती डाइसवेअर या नावानं मांडली: ७,७७६ शब्दांची क्रमांक घातलेली यादी, आणि पाच फासे टाकून त्यातला एक शब्द. इंग्रजी शब्द लक्षात राहत असतील तर ती यादी तशीच वापरा. मराठी शब्द हवे असतील तर घरातला शब्दकोश पुरतो. माझी शिफारस शब्दकोशाची आहे, कारण आई-बाबांना फोनवर सांगताना मराठी शब्द एका दमात सांगता येतात.

समजा शब्दकोश ५०० पानांचा आहे. ० ते ९ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या करून वाटीत टाका. एक चिठ्ठी काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, हलवा, पुढची काढा. पहिले तीन आकडे म्हणजे पान. ५०० च्या वरचं किंवा ००० आलं तर ते तीन आकडे सोडून पुन्हा काढा. चौथा आकडा म्हणजे त्या पानावरचा कितवा शब्द. ० आला तर दहावा. म्हणजे ५०० पानं गुणिले १० शब्द, एकूण ५,००० शब्दांतून एक शब्द मिळाला. असं पाच वेळा करायचं.

समजा मिळाले: उखळ, तिकीट, बगळा, सरबत, पायरी. रोमन लिपीत, मध्ये जोडरेघ देऊन:

```
ukhal-tikit-bagla-sarbat-payri
```

तीस अक्षरं झाली. आता क्रम न बदलता त्यांचं एक वेडगळ चित्र करायचं: उखळाचं तिकीट काढून बगळा सरबत पीत पायरीवर बसला. ऐकल्यावर दोन दिवसांत घरातल्या सगळ्यांना पाठ होतं, लहान मुलांना तर लगेच. (हाच पासफ्रेज उचलून वापरू नका. तो आता छापला गेलाय.)

फोडणाऱ्याला तुमचा शब्दकोश, तुमची पद्धत, शब्दांची संख्या, जोडरेघ, सगळं माहीत आहे असं धरूनच हिशोब करू. तीन शब्द असते तर त्या एका कार्डाला १४ तास लागले असते. चार शब्दांना सुमारे आठ वर्षं. पाच शब्दांना जवळजवळ ४०,००० वर्षं. सरासरीनं तो निम्म्या वाटेवरच सापडेल आणि कुणी शंभर कार्डं भाड्यानं घेतली, तरी पाच शब्दांना २०० वर्षं उरतात. चार शब्दांना मात्र त्याच हिशोबानं जेमतेम दोन आठवडे. म्हणून घरासाठी पाच.

शब्दकोशातून "किंकर्तव्यता" वगैरे काहीतरी येतं. बदलला तर चालेल?

शब्दाचा अर्थच माहीत नसेल तर सोडून द्या आणि चिठ्ठ्या पुन्हा काढा. यानं शक्यता कमी होतात, पण किती ते मोजता येतं. निम्मेच शब्द ओळखीचे निघाले तरी २,५०० शब्दांतून निवड झाली. पाच शब्दांना एका कार्डाची सुमारे १,२०० वर्षं मिळतात. मन धजत नसेल तर सहावा शब्द घाला.

"हा आवडला नाही", "हा त्याच्याशी जुळत नाही", "पाचही शब्द स्वयंपाकघरातले आले तर छान" म्हणून मात्र बदलू नका. आवडीनं निवडायला लागलात की तुम्ही त्याच शे-दोनशे शब्दांभोवती फिरता ज्यांच्याभोवती बाकीचे सगळे फिरतात. चित्र जितकं विसंगत, तितकं ते लक्षातही जास्त राहतं.

सगळेच शब्द ऊस, ऊब, मऊ असे चिमुकले आले, तर एकूण लांबी बघा. जोडरेघा धरून वीस अक्षरांच्या खाली जात असेल तर आणखी एक शब्द काढा, नाहीतर शब्द न ताडता अक्षरं ताडणं फोडणाऱ्याला स्वस्त पडू शकतं.

सरळ देवनागरीतच पासफ्रेज का नको?

कारण वाय-फायच्या नियमात पासफ्रेज इंग्रजी कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांचाच धरलेला आहे. बरेच राउटर देवनागरी नाकारतात. एखाद्यानं घेतली तरी टीव्ही, प्रिंटर, स्मार्ट बल्ब यांत ती टाइप करणार कशी?

रोमन लिपीचा त्रास निराळाच. विहीर `vihir` की `vihiir`? बगळा `bagla`, `bagala` की `bagalaa`? घरात प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनं लिहितो आणि मग "पासवर्ड चुकतोय" अशी ओरड होते. एकच नियम ठरवा: सगळी अक्षरं लहान, दीर्घ स्वरालाही एकच अक्षर, आणि कागदावर जे लिहिलंय तेच खरं. यानं सुरक्षितता तसूभरही कमी होत नाही, कारण ताकद स्पेलिंगात नव्हतीच. ळ, च, ज, ठ असले वाद घालणारे शब्द आले तर तेवढं स्पेलिंग सगळ्यांना एकदा दाखवून ठेवा.

शब्दांच्या मध्ये स्पेस की जोडरेघ?

नियमानुसार स्पेस चालते. पण ती कागदावर दिसत नाही, आणि फोनचा कीबोर्ड शब्द पुरा करून देताना शेवटी आपली एक स्पेस चिकटवतो. जोडरेघ बरी. काहीच न घालता सलग लिहिलंत तरी ताकदीत फरक पडत नाही, वाचायला मात्र जड जातं.

वाय-फायचं नाव बदलायची गरज आहे का?

थोडी आहे. पासफ्रेज आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून, त्यांना ४,०९६ फेऱ्या देऊन खरी किल्ली तयार होते. नाव कारखान्यातून आलेलं आणि हजारो घरांत सारखंच असेल, तर त्या नावासाठी आधीच केलेले तयार तक्ते कुणाकडे असू शकतात. वेगळं नाव ठेवलं की ते तक्ते रद्दी. मात्र नावात आडनाव आणि फ्लॅट क्रमांक लिहू नका. तुमचं नेटवर्क कुठलं हे शोधण्याचं काम तेवढंच हलकं होतं. नाव बदललं की सगळी उपकरणं नव्यानं जोडावी लागतात, तेव्हा नाव आणि पासफ्रेज एकाच बैठकीत बदला.

आमच्या राउटरवर WPA3 दिसतं. मग एवढी कसरत कशाला?

WPA2 ही वाय-फायच्या सुरक्षेची जुनी पद्धत, आतापर्यंतचा हिशोब तिचाच; WPA3 ही नवी. WPA3 मध्ये हँडशेक टिपून घरी नेऊन ताडत बसता येत नाही. प्रत्येक प्रयत्नासाठी राउटरशी बोलावं लागतं. हा मोठाच फरक आहे. पण घरातला जुना फोन किंवा टीव्ही चालावा म्हणून बहुतेक राउटर `WPA2/WPA3` अशा मिश्र पद्धतीवर असतात. त्यात एखादं उपकरण WPA2 नं जोडलं गेलं की जुना दरवाजा उघडाच, आणि पासफ्रेज दोन्हीकडे एकच. सगळी उपकरणं चालत असतील तर फक्त WPA3 ठेवा. नाहीतर मिश्र पद्धत आणि पाच शब्द. निव्वळ `WPA2-PSK` असेल तर सोबत `AES` निवडलेलं आहे ना, `TKIP` नाही, तेवढं बघून घ्या.

पासफ्रेज भक्कम आहे. आता दुसरीकडून कुणी शिरू शकतं का?

पासफ्रेज टाइप न करता उपकरणं जोडता यावीत म्हणून राउटरवर WPS नावाची सोय असते. तिच्यातला आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं. पिन सापडला की राउटर स्वतःच तुमचा पासफ्रेज सांगून टाकतो, मग तो पाच शब्दांचा असो की पन्नास. सेटिंगमध्ये जाऊन WPS बंद करा. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड अजून `admin` असेल तर तोही बदला, आणि तो वाय-फायच्या पासफ्रेजपेक्षा वेगळा ठेवा.

दर तीन महिन्यांनी बदलायचा का?

नको. सारखा बदलायला लागलं की माणूस शेवटी 1, 2, 3 लावत सुटतो. बदलण्याची खरी कारणं मोजकी: भाडेकरू किंवा पेइंग गेस्ट सोडून गेला, पासफ्रेज सोसायटीच्या ग्रुपवर पडला, फोन चोरीला गेला. पाहुण्यांसाठी राउटरवर गेस्ट नेटवर्क चालू करून त्याला वेगळा पासफ्रेज दिला, तर ही वेळ क्वचितच येते.

पाहुणे आले की तीस अक्षरं सांगत बसायचं?

क्यूआर कोड छापून दिवाणखान्यात लावा, तोही गेस्ट नेटवर्कचा. बऱ्याच फोनमध्ये वाय-फायच्या पानावर शेअर दाबलं की कोड तयार मिळतो. स्वतः करायचा असेल तर कोडमध्ये हा मजकूर जातो:

```
WIFI:T:WPA;S:Gachchi;P:ukhal-tikit-bagla-sarbat-payri;;
```

पासफ्रेजमध्ये `;`, `:`, `,`, `"` किंवा `\` असेल तर त्या प्रत्येकाआधी `\` द्यावा लागतो, आणि तो राहिला की कोड स्कॅन होऊनही जोडणी होत नाही. लहान अक्षरं आणि जोडरेघ वापरणाऱ्यांना ही डोकेदुखीच नाही.

कागदावर लिहून ठेवलं तर?

बिनधास्त लिहा. हँडशेक टिपणारा माणूस तुमच्या कपाटात बघत नसतो. फक्त खिडकीतून दिसेल अशा जागी किंवा व्हिडिओ कॉलमध्ये मागे येणाऱ्या भिंतीवर नको.

आणि सगळेच विसरलो तर? राउटरचं रिसेटचं बटण दाबायचं का?

ते शेवटी. आधी घरातला जोडलेला एखादा फोन घ्या; त्याच्या वाय-फायच्या पानावर शेअर दाबून, फोनचं कुलूप उघडून पासफ्रेज दिसतो. तेही नसेल तर लॅपटॉप लॅनच्या तारेनं राउटरला जोडा आणि ब्राउझरमध्ये राउटरच्या मागच्या चिकटपट्टीवर लिहिलेला पत्ता उघडा, बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`. आत गेलात की वायरलेसच्या पानावर पासफ्रेज बघता किंवा बदलता येतो. 2.4 आणि 5 GHz यांची पानं वेगळी असतील तर दोन्हीकडे बदला. रिसेटनं पासफ्रेज जातोच, पण फायबरच्या बऱ्याच डब्यांमध्ये कंपनीनं भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाते, आणि मग माणूस येईपर्यंत इंटरनेट बंद. तो आला आणि "मोबाइल नंबरच टाकू का?" म्हणाला, की पाच शब्दांचा कागद त्याच्या हातात द्या.